फोनमधला ‘दादा’ कुणाचा?

गेल्या श्रावणात सांगलीच्या घरी बाबा न्हाणीघरात पाय घसरून पडले. कमरेत कळ अशी होती की त्यांना उठता येईना. आई त्यांच्याजवळ फरशीवर बसून राहिली. हाक ऐकून शेजारचा ओंकार धावत आला. “आजी, दादाला फोन लावू?” त्यानं विचारलं. आई म्हणाली, “लाव.” ओंकार लहानपणापासून मला दादा म्हणतो. त्यानं आईचा फोन उचलला, ‘दादा’ शोधलं, नाव सापडलं आणि लगेच फोन लावला.

तो फोन बेळगावला गेला. आईच्या फोनमधला ‘दादा’ म्हणजे तिचा थोरला भाऊ, माझा वसंतमामा, वय 78. दुपारी घरात एकटाच होता. पलीकडून अनोळखी मुलगा घाईघाईनं सांगतोय, “काका पडलेत, उठत नाहीत, तुम्ही लगेच या.” मामा खिशात पाकीट घालून तसाच बसस्टँडवर निघाला. वाटेत त्यानं आपल्या मुलीला कळवलं, तिनं मला पुण्यात फोन केला. बाबा पडल्यापासून मला कळेपर्यंत पाऊण तास गेला होता. मधल्या वेळात ओंकारनं शहाणपणानं 108 ला फोन करून रुग्णवाहिका बोलावली होती, म्हणून निभावलं.

बाबा दोन महिन्यांत चालायला लागले. त्यानंतर मी आईचा फोन घेऊन बसलो. त्यात 487 नोंदी होत्या. मी स्वतः तीन ठिकाणी सापडलो: ‘पिंटू’, ‘पिंटू ऑफिस’ आणि ‘पिंटू नवीन’. पहिला नंबर सहा वर्षांपूर्वी बंद झालेला. दुसरा मी सोडलेल्या नोकरीतला. बरोबर होता तो फक्त तिसरा. ‘ताई’ चार होत्या, ‘वन्स’ दोन, ‘भाऊजी’ तीन, ‘डॉक्टर’ पाच. आईला स्वतःला यातलं बरंचसं पाठ होतं. ‘भाऊजी 2’ म्हणजे इचलकरंजीचे, हे तिला ठाऊक होतं. पण फोन दुसऱ्याच्या हातात गेला की ही यादी मुकी होते, आणि खरी गरज असते तेव्हा फोन बहुतेक दुसऱ्याच्याच हातात असतो.

ती यादी आम्ही नीट केली. त्यात जे उमगलं ते इथे सांगतो. या कामातली खरी अडचण आपल्या नात्यांच्या शब्दांत आहे. फोनची बाजू त्या मानानं सोपी आहे.

मराठीत नात्याला जितके नेमके शब्द आहेत तितके फार थोड्या भाषांत असतील. आत्या, मावशी, काकू, मामी. दीर, जाऊ, नणंद. साडू, मेहुणा, व्याही, विहीण. पण हा प्रत्येक शब्द बोलणाऱ्यापासून मोजलेला असतो. माझी नंदाआत्या आईची नणंद, म्हणून आईच्या तोंडी ‘वन्स’. बाबांची ती धाकटी बहीण, म्हणून त्यांच्या फोनमध्ये नुसती ‘नंदू’. माझ्या मुलीची ती आजी. एकाच बाईचा एकच नंबर चार फोनमध्ये चार नावांनी होता, आणि एकाला दुसऱ्याच्या फोनमध्ये तो सापडत नव्हता. त्यात भर घरगुती नावांची. तात्या, अण्णा, नाना, आबा, माई, अक्का ही नावं प्रत्येक घरात एकेक असतात आणि मोठ्या गोतावळ्यात तीन-तीन होतात.

मग नातं काढूनच टाकावं आणि सगळ्यांची नाव-आडनावं लिहावीत का? आम्ही एक दिवस ते करून पाहिलं. ‘नंदा कुलकर्णी’ पाहून आई थबकली. वन्सांचं सासरचं आडनाव तिला माहीत होतं, पण त्या नावानं तिनं त्यांना मनात कधी हाक मारलेली नव्हती. घाईत माणूस मनातल्या हाकेनं शोधतो. शिवाय कुलकर्णी आडनावाचे आमच्याकडे नऊ जण निघाले.

यातून वाट काढली ती आपल्याच घरातल्या एका जुन्या सवयीनं. घरात मूल आलं की मोठी माणसं एकमेकांना मुलाच्या नात्यानं ओळखायला लागतात. दिराला समोर ‘भाऊजी’ म्हणणारी बाई मुलाशी बोलताना ‘काका आलेत’ म्हणते. सासरे सगळ्या घराचे ‘आजोबा’ होतात. म्हणजे नातं मोजण्याची एक सामाईक खूण घरात आधीपासून असते, ती म्हणजे घरातली मुलं. आम्ही ठरवलं की यादीतलं प्रत्येक नातं मी आणि माझी बहीण, या पिढीपासून मोजायचं. मग वन्स, नंदू आणि आजी या तिघींची एकच नोंद झाली: ‘नंदा आत्या कोल्हापूर’. आईला ते वाचून क्षणभरही विचार करावा लागला नाही, कारण आमच्याशी बोलताना गेली चाळीस वर्षं ती ‘नंदाआत्या’च म्हणत आली आहे.

नोंदीत तीन शब्द, आणि त्यांचा क्रम ठरलेला: आधी माणसाचं स्वतःचं नाव, मग नातं, शेवटी गाव. नाव पहिलं घेण्याला कारण आहे. फोन वाजतो तेव्हा लहान पडद्यावर लांब नाव शेवटी कापलं जातं, म्हणून ओळख पटवणारा शब्द पुढे हवा. ‘मावशी सुनीता’, ‘मावशी शैला’ असं लिहिलं की सगळ्या मावश्या एका ठिकाणी गोळा होतात आणि बोट घसरलं की भलतीलाच फोन लागतो. ‘सुनीता मावशी’, ‘शैला मावशी’ लिहिल्या की त्या यादीत लांब लांब बसतात. शोधताना मात्र काही बिघडत नाही. ‘मावशी’ टाकलं तरी सगळ्या समोर येतात, कारण फोन नावातल्या कुठल्याही शब्दाची सुरुवात जुळवून बघतो.

गावाची कल्पना बाबांच्या जुन्या डायरीतून आली. लाल पुठ्ठ्याच्या त्या डायरीत त्यांनी नंबर अक्षरांप्रमाणे न लिहिता गावांप्रमाणे लिहिले होते. कोल्हापूरचं पान, साताऱ्याचं पान, पुण्याची तीन पानं. पानाच्या डोक्यावर त्या गावाचा एसटीडी कोड एकदाच लिहिलेला: 0231, 02162, 020. एसटीडी बूथवर रांगेत उभं राहून फोन करायच्या दिवसांत ती फार शहाणी मांडणी होती. आता कोडचं काम उरलेलं नाही, पण ‘सुनीता कुठली?’ या प्रश्नाला आपण अजूनही गावानंच उत्तर देतो. माणूस गाव बदलतो हे खरं. तरी ज्या गावानं नात्यात ओळख आहे तेच लिहावं. आमचा संजूकाका वीस वर्षं मस्कतला आहे, पण सगळ्यांसाठी तो ‘संजय काका मिरज’च. मस्कतचा पत्ता त्याच्या नोंदीत पत्त्याच्या रकान्यात आहे.

हे तिन्ही शब्द `First name` या एकाच रकान्यात लिहायचे आणि आडनावाचा रकाना रिकामा सोडायचा. हे वेडंवाकडं वाटेल, पण त्यामागे अनुभव आहे. पहिल्या खेपेला मी ‘सुनीता’ नावात आणि ‘मावशी सातारा’ आडनावात भरलं होतं. माझ्या फोनवर सगळं ठीक दिसलं. तीच यादी बहिणीच्या आयफोनवर गेली तेव्हा तिला सगळ्या मावश्या ‘म’खाली आणि सगळे काका ‘क’खाली सापडले, कारण तो फोन यादी आडनावाप्रमाणे लावत होता. ही मांडणी सेटिंगमध्ये बदलता येते. पण प्रत्येक नातेवाइकाच्या फोनचं सेटिंग बदलत बसण्यापेक्षा रकानाच रिकामा ठेवणं सोपं.

लिपीचा प्रश्न मला किरकोळ वाटला होता, पण सगळ्यात जास्त वेळ त्यानंच खाल्ला. आई देवनागरीत लिहिते-वाचते. मी आणि बहीण घाईत रोमन अक्षरं टाइप करतो. ‘सुनीता’ असं जपून ठेवलेलं नाव Sunita टाकून हमखास सापडेल असं नाही. आणि यादी मिश्र असली की रोमन नावं आधी A ते Z संपतात, मग देवनागरी नावं सुरू होतात. म्हणून आईला ‘सुनीता’ वर सापडायची नाही आणि खाली स्क्रोल करायचा ती कंटाळा करायची. आम्ही सगळी नावं देवनागरीत केली आणि प्रत्येक नोंदीच्या `Nickname` या रकान्यात तेच नाव रोमनमध्ये लिहिलं. हा रकाना नोंद भरताना सहसा दिसत नाही, आणखी रकाने उघडावे लागतात. पण फोनच्या कॉन्टॅक्ट्समध्ये शोधताना तोही धुंडाळला जातो. त्याच रकान्यात आईची स्वतःची हाकही ठेवली. नंदाआत्याच्या नोंदीत तिथे ‘वन्स Nanda’ आहे. त्यामुळे आईनं ‘वन्स’ टाकलं तरी नंदाआत्या येते, आणि ओंकारनं Nanda टाकलं तरीही.

याला एक मर्यादा आहे. व्हॉट्सॲप नोंदीतलं मुख्य नावच दाखवतं, टोपणनावाच्या रकान्यावर तिथे विसंबू नये. म्हणून मुख्य नाव असं हवं की बाकी काही नसलं तरी ते एकटं पुरेल.

देवनागरीत आणखी एक अडथळा येतो तो ऱ्हस्व-दीर्घाचा. एकीनं ‘सुनिता’ लिहिलं आणि दुसरी ‘सुनीता’ शोधते, तर ते जुळत नाही. आम्ही प्रत्येकाचं नाव तो माणूस स्वतः जसं लिहितो तसं लिहिलं, आणि आईला एवढंच शिकवलं की पूर्ण नाव टाकू नकोस, ‘सुन’ टाकून थांब. पहिली वेलांटी येण्याआधी थांबलं की दोन्ही सुनिता समोर येतात.

आता नंबराबद्दल. प्रत्येक भारतीय मोबाइल नंबर +91 आणि पुढे दहा आकडे असाच जपावा. गावात बसून फोन करणाऱ्याला नुसते दहा आकडे पुरतात, म्हणून बहुतेकांच्या यादीत तसेच असतात, काहींच्या आधी जुन्या सवयीचा 0 असतो. पण संजूकाका मस्कतहून सुनीतामावशीला त्या नुसत्या दहा आकड्यांवर फोन करायला गेला, तर तिथलं नेटवर्क तो नंबर ओमानमधलाच समजतं आणि फोन लागत नाही. व्हॉट्सॲपलाही तो नंबर नेमका कुठल्या देशातला हे अधिकच्या चिन्हापुढच्या कोडवरून कळतं. +91 लावलेला नंबर मात्र सांगलीतून, मस्कतमधून, कुठूनही तसाच चालतो. काकाचा स्वतःचा नंबर +968 नं सुरू होतो आणि पुढे आठच आकडे आहेत. आईनं ‘दोन आकडे राहिलेत’ म्हणून त्यापुढे 00 घालून ठेवले होते. तो फोन दोन वर्षं का लागत नव्हता, ते आम्हाला या कामात कळलं.

लँडलाइनला +91 लावताना एसटीडी कोडातलं सुरुवातीचं शून्य काढायचं असतं. कोल्हापूरचा 0231 हा +91 231 होतो. शून्य तसंच ठेवलं तर नंबर चुकतो, आणि ही चूक नुसतं बघून लक्षात येत नाही. बदल केल्यावर एकदा फोन लावून बघणं हाच उपाय.

एका माणसाचे दोन-तीन नंबर असतील तर नोंद एकच ठेवायची आणि नंबर तिच्या आत घालायचे. प्रत्येक नंबरापुढे तो कसला आहे ते लिहायची सोय असते: `Mobile`, `Home`, `Work`. यातलं पुरत नसेल तर स्वतःचा शब्द लिहिता येतो. मावशीच्या दुसऱ्या नंबरापुढे आम्ही ‘दुकान’ असं लिहिलं. दोन शब्द मात्र कधीच वापरायचे नाहीत असं ठरवलं. एक ‘नवीन’. आजचा नवीन नंबर चार वर्षांनी जुना होतो आणि नाव मात्र नवीनच राहतं, माझ्याच बाबतीत तसं झालं होतं. दुसरा म्हणजे सिमकार्डाच्या कंपनीचं नाव. एके काळी त्याला अर्थ होता, कारण एकाच कंपनीच्या दोन नंबरांत बोलणं स्वस्त पडायचं. पण 20 जानेवारी 2011 पासून देशभरात नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. आईच्या यादीत कंपनीचं नाव लावलेले चौदा नंबर होते. मी एकेकाला विचारलं, तर नऊ जणांनी कंपनी कधीच बदललेली होती.

नावं आणि नंबर लागले की मग गट. गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये त्याला `Labels` म्हणतात, आयफोनवर याद्या. सुरुवातीला उत्साहात मी अकरा गट केले, आठवडाभरात त्यातले सात मोडले. गट तेवढेच ठेवावेत, जेवढे नाव वाचून आईला लगेच आठवतील. उरले ते चार: ‘घरचे’, ‘आईचं माहेर’, ‘बाबांकडचे’ आणि ‘घरकाम-दवाखाना’. एक माणूस दोन गटांत असायला काही हरकत नाही. मावशीचा मुलगा औषधांचं दुकान चालवतो, तो माहेरातही आहे आणि दवाखान्यातही. गटाचा खरा उपयोग लग्नाच्या वेळी झाला. चुलतबहिणीच्या लग्नाची आमंत्रणं करताना ‘बाबांकडचे’ उघडून आई एकेक नावावर फोन करत गेली, कुणी राहून गेलं नाही. पण गटांवर फार भिस्त ठेवू नये. गूगलच्या खात्यात केलेले गट बहिणीच्या आयफोनवर दिसले नाहीत, नावं मात्र जशीच्या तशी गेली.

शेवटच्या गटात नावाचा क्रम आम्ही उलटा केला. नातेवाइकाचं नाव आपल्या मनात असतं, पण वायरमनचं नाव आठवत नाही, काम आठवतं. म्हणून ‘वायरमन गणेश’, ‘प्लंबर सलीम’, ‘दूध रात्रीचं’, ‘डॉक्टर हाडांचे’, ‘डॉक्टर डोळ्यांचे’. आधीच्या पाच ‘डॉक्टर’मधले दोन पशुवैद्य निघाले, आमच्याकडे म्हैस होती तेव्हाचे. गॅस एजन्सीच्या नोंदीत ग्राहक क्रमांक टिपणाच्या रकान्यात लिहून ठेवला, कारण फोन लागला की पलीकडून पहिला प्रश्न तोच येतो. या टिपणाच्या रकान्यात किंवा खोट्या नावाच्या नोंदीत एटीएमचा पिन मात्र कधीही ठेवू नये. आईनं ‘पिंकी’ नावानं चार आकडी नंबर ठेवला होता. कॉन्टॅक्ट्स बघायची परवानगी मागणारी किती ॲप आपण न वाचता होकार देऊन घेतो! त्या प्रत्येकाला ही ‘पिंकी’ दिसत असणार. आम्ही ती त्याच दिवशी काढली आणि बँकेत जाऊन पिन बदलला.

प्रत्यक्ष कामाचा क्रम महत्त्वाचा आहे, कारण घाईत एका चुकीनं सगळी यादी जाऊ शकते. आधी बघायचं की नोंदी आहेत कुठे. एकाच फोनमध्ये काही नंबर सिमकार्डावर असतात, काही फोनच्या आत, काही गूगलच्या खात्यात. यादीत ते सगळे सारखेच दिसतात, पण फोन हरवला की फोनमधले जातात आणि सिम बदललं की सिमवरचे. सिमवर जागाही फार तोकडी असते. नाव थोडक्या अक्षरांतच बसवावं लागतं, टोपणनाव, पत्ता, टिपण या गोष्टी तिथे मावत नाहीत. आईचे 112 नंबर सिमवर होते. नोंद उघडली की ती कुठे जपलेली आहे हे बहुतेक फोनमध्ये दिसतं. सगळ्या नोंदी आईच्या खात्यात आणल्या आणि नवीन नंबर यापुढे त्याच खात्यात जपला जावा, असं सेटिंग केलं. हे सेटिंग राहून गेलं तर सहा महिन्यांत यादी पुन्हा तीन ठिकाणी विखुरते.

मग लॅपटॉपवर contacts.google.com उघडून आधी `Export` केलं आणि सगळ्या यादीची .vcf फाइल बाजूला ठेवली. त्यानंतरच `Merge & fix`ला हात लावला. हे एकाच माणसाच्या दोन नोंदी शोधून जोडायला सुचवतं. त्यानं 61 जोड्या सुचवल्या. त्यातल्या बहुतेक बरोबर होत्या, पण एकगठ्ठा ‘जोडा’ म्हणू नये, एकेक बघावी. नाव सारखं म्हणून त्यानं इचलकरंजीचे ‘भाऊजी’ आणि निपाणीचे ‘भाऊजी’ एक करायला सुचवलं होतं. तसं झालं असतं तर एका माणसाच्या नोंदीत दुसऱ्याचा नंबर गेला असता आणि कुणाच्या लक्षातही आलं नसतं. चूक झालीच तर `Undo changes`मधून यादी गेल्या 30 दिवसांतल्या एखाद्या वेळी जशी होती तशी परत आणता येते. नंतर मात्र बाजूला ठेवलेली फाइलच कामी येते.

नावं बदलायला आम्हाला दोन दुपार लागल्या. आई सांगत होती, मी लिहीत होतो. हे काम तिच्यामागे करू नये असं मला ठामपणे वाटतं. एक तर कोण कोणाचं हे तिलाच माहीत. आणि स्वतःचा फोन एका सकाळी अनोळखी झालेला पाहणं म्हाताऱ्या माणसाला फार जड जातं. वसंतमामाच्या नोंदीवर ती अडलीच. “तो माझा दादा आहे. मी त्याला मामा का म्हणू?” टोपणनावाच्या रकान्यात ‘दादा’ लिहून दिलं तरी फोन वाजल्यावर पडद्यावर ‘वसंत मामा बेळगाव’ दिसणार होतं. शेवटी मामाचा फोटो त्या नोंदीला लावला, बेळगावच्या घराच्या पायरीवर बसलेला. आता फोन आला की ती नाव वाचतच नाही. मग चष्मा नसताना उपयोग व्हावा म्हणून तिच्या रोजच्या वीस माणसांचे फोटो लावले.

सगळ्यात अवघड गेल्या त्या निघून गेलेल्या माणसांच्या नोंदी. आईच्या यादीत असे सतरा जण होते आणि तिला एकही काढवेना. बंद झालेला मोबाइल नंबर आपल्याकडे 90 दिवस कुणाला दिला जात नाही, त्यानंतर तो नव्या ग्राहकाला मिळू शकतो. शकूआत्या जाऊन तीन वर्षं झाली होती. तिच्या नावापुढे व्हॉट्सॲपवर एका सकाळी मोटरसायकलवर बसलेल्या अनोळखी तरुणाचा फोटो आला. आई तो बघून दिवसभर गप्प होती. तिला नंबराची गोष्ट समजावून सांगितली, आणि मग आम्ही त्या सतराही नोंदींमधला नंबर तेवढा काढला. नाव, फोटो आणि वाढदिवसाची तारीख तशीच ठेवली. आता चुकून कुणाला फोन लागत नाही आणि शकूआत्या ‘श’मध्ये आहे तिथेच आहे.

शेवटी यादीत 203 नोंदी राहिल्या. पण ज्या दुपारपासून हे सुरू झालं तिच्यासाठी यादी पुरेशी नव्हती. आईच्या फोनला तेव्हा कुलूप नव्हतं म्हणून ओंकारला तो उघडता आला. कुलूप असलेला फोन परक्या माणसाच्या हातात बंदच असतो. इंग्लंडमध्ये 2005 साली बॉब ब्रॉची नावाच्या रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्या माणसानं सुचवलं होतं की अडचणीत ज्याला कळवायचं त्याचा नंबर प्रत्येकानं फोनमध्ये ICE या नावानं ठेवावा. कल्पना जगभर पसरली, पण ती बिनकुलपाच्या फोनच्या काळातली. आता त्यासाठी वेगळी जागा आहे. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये `Emergency information` आणि आयफोनच्या हेल्थ ॲपमध्ये `Medical ID` भरून ठेवलं की ते कुलूप न उघडता, पडद्यावरच्या `Emergency`मधून दिसतं. आयफोनवर मात्र कुलूप असताना दाखवण्याची परवानगी आधी द्यावी लागते. आईच्या फोनवर तिथे माझा आणि नंदाआत्याच्या मुलाचा नंबर आहे. मी पुण्यात असतो, तो सांगलीत दहा मिनिटांत पोचतो, म्हणून त्याचं नाव पहिलं. भरून झाल्यावर फोन बंद करून ओंकारच्या हातात दिला आणि म्हटलं, आता शोध. त्याला अर्धा मिनिट लागला. हेच नंबर मोठ्या अक्षरांत एका कागदावर लिहून फ्रिजच्या बाजूलाही चिकटवले आहेत, कारण फोनची बॅटरी नेमकी केव्हा संपेल सांगता येत नाही.

दिवाळीत मामा सांगलीला आला तेव्हा त्यानं आईचा फोन हातात घेऊन यादी बघितली आणि म्हणाला, “मलाही अशी करून दे.” मी फाइल त्याच्या फोनवर पाठवायला निघालो आणि थांबलो. आमची सगळी नाती माझ्यापासून मोजलेली. मामाच्या घरात ती त्याच्या मुलीपासून मोजायला हवीत. माझी आई तिची आत्या, माझी सुनीतामावशीही तिची आत्याच, आणि नंदाआत्या तर तिच्या नात्यात कुणीच नाही. नाव आणि गाव तेच राहील, मधला शब्द मात्र त्या घरचा लागेल. मग मामा आणि मी अंगणात खुर्च्या टाकून बसलो आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

“आईचं काय लिहू?” मी विचारलं. “सुमन आत्या सांगली?”

“लिही,” मामा म्हणाला. “आणि ते आतलं नाव लिहितोस ना, हाक मारायचं, तिथे ‘सुमी’ लिही.”